मसाल्याचा पाऊच बदलायचाय, पण गिऱ्हाईक गोंधळायला नको: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लवचिक पॅकिंगच्या छपाईत आहे. पाऊच, रोल, लॅमिनेट ही रोजची कामं. गेल्या काही वर्षांत मसाला, चिवडा, पापड करणारे छोटे-मध्यम उत्पादक एकच विषय घेऊन येतात: पाऊच रिसायकल होण्यासारखा करायचाय, पण दुकानात तो आपलाच दिसला पाहिजे. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतो. उदाहरण सगळीकडे एकच घेतलंय. कांदा-लसूण मसाल्याचा 200 ग्रॅमचा लाल पाऊच, वर-खाली सोनेरी पट्टी. हे काम आम्ही खरोखर केलं, आणि पहिल्या फेरीत चुकलोही.

आत्ताच्या पाऊचमध्ये असं काय आहे की तो रिसायकल होत नाही?

तो दिसतो एक, पण असतो तीन फिल्मचा. बाहेर 12 मायक्रॉनचं पॉलिएस्टर, ज्याच्या आतल्या अंगाने छपाई असते. मध्ये 12 मायक्रॉनचं मेटलाइज्ड पॉलिएस्टर, म्हणजे चंदेरी थर. आत 50 मायक्रॉनची पॉली, म्हणजे पॉलिइथिलीन, जी गरम होऊन चिकटते आणि सील बनते. तिन्ही थर गोंदाने असे बसवलेले असतात की नखाने सुटत नाहीत.

पॉली साधारण 110 ते 130 अंशांना वितळते, पॉलिएस्टरला 250 च्या वर जावं लागतं. दोन्ही एकत्र भट्टीत घातली तर एक पूर्ण वितळलेलं असतं तेव्हा दुसरं अजून घट्टच असतं. त्यातून पुन्हा माल बनवायला धड प्लास्टिकचा दाणा निघत नाही. म्हणून बाहेरपासून आतपर्यंत एकाच कुळातलं प्लास्टिक वापरायचं: सगळं पॉलिइथिलीन किंवा सगळं पॉलिप्रॉपिलीन. याला धंद्यात मोनो मटेरियल म्हणतात. पुढे मी पीई आणि पीपी एवढंच लिहीन.

डिझाइन तेच, छपाईचे सिलिंडर तेच, शाईवालाही तोच. मग नवा पाऊच वेगळा का दिसतो?

या सगळ्या विषयातला हाच खरा प्रश्न आहे, म्हणून सावकाश सांगतो.

तुमच्या जुन्या पाऊचवरची सोनेरी पट्टी डोळ्यांजवळ धरून बघा. ती सोनेरी शाई नाही. ती पारदर्शक पिवळी शाई आहे, किंचित नारिंगी घातलेली. पाऊचच्या बाकी सगळ्या चित्रामागे पांढऱ्या शाईचा एक हात असतो, पण या पट्टीमागे तो मुद्दाम सोडलेला असतो. प्रकाश पिवळ्यातून आत जातो, मागच्या चंदेरी थरावर आपटतो, पुन्हा पिवळ्यातून बाहेर येतो, आणि आपल्याला सोनं दिसतं. म्हणजे सोनं छापलेलं नाहीच, ते मटेरियलमध्ये आहे.

पहिल्या फेरीत आम्ही पीई घेतलं. बाहेर 25 मायक्रॉनची ताणून कडक केलेली पीई, आत 60 मायक्रॉनची पांढरी पीई, आणि वास अडवायला त्या आतल्या फिल्ममध्येच ईव्हीओएचचा पातळ थर. मेटल नाही. छपाई सुटली आणि पट्टी हळदीसारखी पिवळी आली. चूक नव्हती कुठेच. शाई तीच, सिलिंडर तेच. फक्त मागचा आरसा काढून घेतला होता.

लालही हलला. पांढऱ्या शाईचा एक हात पूर्ण अपारदर्शक नसतो. जुन्या पाऊचमध्ये त्यामागे चंदेरी थर होता, त्यामुळे लाल थोडा दबलेला, गडद दिसायचा. नव्यात मागे पांढरी फिल्म आली आणि लाल टोमॅटोकडे झुकला. शिवाय ताणलेल्या पीईला पॉलिएस्टरइतकी काच नसते, थोडा धूसरपणा असतो, म्हणून चकाकी उतरली.

मसाल्याच्या मालकांनी तो पाऊच हातात घेतला आणि म्हणाले, "हा आमचाच आहे, पण आजारी दिसतोय." मला आजवर मिळालेला सगळ्यात अचूक तांत्रिक अहवाल तोच.

मग सोनेरी परत कसा आणायचा?

तीन वाटा आहेत.

पहिली, खरी सोनेरी शाई, म्हणजे धातूची पूड असलेली. ती सोनेरी दिसते, पण आरशासारखी चमकत नाही. लग्नपत्रिकेवरचं छापलेलं सोनेरी आणि फॉइलचं सोनेरी यात जो फरक असतो, तोच. पट्टी बारीक असेल तर चालून जातं. बोटभर रुंद असेल तर फरक उघडा पडतो.

दुसरी, सोनेरीचा नाद सोडून सपाट पिवळी पट्टी स्वीकारायची. स्वस्त आहे, पण ही मटेरियल बदलण्याची नाही, ओळख बदलण्याची वाट झाली.

तिसरी, मेटल ठेवायचा पण पॉलिएस्टर काढायचं. आम्ही दुसऱ्या फेरीत हेच केलं. बाहेर 20 मायक्रॉन बीओपीपी, म्हणजे दोन्ही दिशांना ताणलेली पीपीची फिल्म, मध्ये 18 मायक्रॉन मेटलाइज्ड बीओपीपी, आत 40 मायक्रॉन सीपीपी, म्हणजे न ताणलेली, सील होणारी पीपी. तिन्ही पीपीच्याच कुळातली. त्यावरचा धातूचा थर मायक्रॉनच्याही अंशात असतो, वजनात नगण्य. पट्टी पुन्हा सोनेरी झाली, लालही जागेवर आला. बीओपीपीची चकाकी पॉलिएस्टरच्या इतकी जवळ जाते की हातात दोन्ही पाऊच घेतल्याशिवाय फरक कळत नाही.

यात एक तडजोड आहे, ती लपवत नाही. धातू आणि गडद छपाई असलेल्या पाऊचचा रिसायकल केलेला दाणा करडा निघतो. त्यातून पारदर्शक फिल्म होत नाही, बादल्या, क्रेट, पाइप असला माल होतो. बिनधातूचा, कमी छपाईचा पाऊच रिसायकलवाल्याला नक्कीच जास्त आवडेल. पण एका उडीत तिथे पोचायला गेलात तर दुकानातली जागा जाईल.

वजनात काय फरक पडतो? प्लास्टिक वाढतं असं ऐकलं.

जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात म्हणून हा गोंधळ होतो. पॉलिएस्टर जड, पीपी हलकं. जुना पाऊच 74 मायक्रॉन, नवा 78, म्हणजे जाडी वाढली. पण दर चौरस मीटरला जुनी फिल्म सुमारे 80 ग्रॅम भरते, नवी सुमारे 71. आमचा पाऊच 15 बाय 22 सेंटिमीटरचा होता, दोन्ही बाजू धरून फिल्मचं वजन साधारण 5.3 ग्रॅमवरून 4.7 वर आलं. शाई-गोंद यात धरलेलं नाही. पीईच्या पहिल्या फेरीत वजन जवळपास जुन्याइतकंच राहिलं होतं.

म्हणजे सगळ्यांनी पीपीच घ्यावं का?

नाही. एक किलोच्या वरचा पाऊच, पोतं, किंवा फ्रीजरमध्ये जाणारा माल असेल तर पीई बरी, कारण पडल्यावर ती ताणते. थंडीत सीपीपी ठिसूळ होऊन सीलपाशी फाटू शकतं. आणि तुमच्या पाऊचवर मुळात चंदेरी-सोनेरी काही नसेल, सगळीकडे पांढऱ्यावर छपाई असेल, तर पीईमध्ये ओळख सांभाळणं तितकं अवघड नाही. आधी जुन्या पाऊचवर मेटल कुठे कुठे डोळ्यांना दिसतो ते पेनाने गोल करा. गोल जितके जास्त, तितकं पीपीकडे झुका.

रंग जुळवताना नमुना कुठला धरायचा?

इथे बरेच जण घसरतात. मालक गोडाऊनमधला एक पाऊच आणून देतात, "असा लाल पाहिजे." तो पाऊच सहा महिने खिडकीजवळ पडलेला असतो, लाल उडालेला. आपण इमानदारीने उडालेला लाल जुळवतो.

नमुना अंधारात, बंद पाकिटात ठेवलेल्या लॉटमधला घ्या, आणि एक नव्हे, तीन वेगवेगळ्या छपाईंचे घ्या. तीन लॉटमध्येच लाल थोडा पुढेमागे असतो हे तेव्हा लक्षात येतं. गिऱ्हाइकाने आजवर जेवढा फरक न कुरकुरता पचवला, तेवढी तुमची मर्यादा. त्यावरून शेड कार्ड करा: मधला, फिकटातला फिकट चालेल तो, गडदातला गडद चालेल तो. तिन्हींवर मालकाची सही घ्या, आणि ती नव्या फिल्मवर, लॅमिनेट झाल्यावर. नुसत्या छापील फिल्मवर सही घेऊ नका, कारण मागे मेटल चिकटल्यावर रंग बदलतो.

यंत्राने मोजणार असाल तर मुख्य रंगाचा डेल्टा ई, म्हणजे नमुन्याच्या आणि छपाईच्या रंगातल्या फरकाचं माप, 2 च्या आत ठेवा. पण सोनेरी पट्टीवर यंत्राचं ऐकू नका. चमकत्या पृष्ठभागावर ते कोन बदलला की वेगळं बोलतं. तिथे दोन पाऊच शेजारी धरून तिरके करून बघायचे. आणि हे बघणं छापखान्याच्या खास दिव्याखाली एकदा, दुकानाच्या साध्या एलईडी ट्यूबखाली एकदा करा. दिवसा जुळलेले दोन लाल ट्यूबखाली फुटलेले मी पाहिलेत.

जुने सिलिंडर चालतील का?

बीओपीपीवर जाताना बहुतेक चालतात. फिल्म पॉलिएस्टरपेक्षा जास्त ताणली जाते म्हणून मशीनवरचा ताण आणि सुकवणीची उष्णता कमी करावी लागते. पांढऱ्याचा सिलिंडर मात्र नवा करायची तयारी ठेवा. रंग हलला की तो बहुतेक वेळा पांढऱ्यातूनच आवरतो. पीईवर जाताना फिल्म आणखी ताणते, रंगावर रंग बसत नाही, आणि बारीक अक्षरांच्या कडेला सावली दिसते. "कांदा-लसूण" मधल्या अनुस्वाराभोवती पांढरी कड दिसली की समजा.

आमच्या पाऊच मशीनवर नवा रोल लावला तर पाऊच चुरगळतोय. रोल खराब आहे का?

बहुधा मशीन जुन्याच तापमानावर आहे. पॉलिएस्टर बाहेर होतं तेव्हा तुम्ही सील दाबणारे जॉ 170 अंशांना ठेवून निवांत होतात, कारण पॉलिएस्टरला त्याचं काहीच वाटत नव्हतं. बीओपीपी तेवढ्या उष्णतेत आक्रसतं, ताणलेली पीई तर जॉलाच चिकटते.

पीपीच्या या पाऊचला आम्ही 135 ते 145 च्या दरम्यान स्थिरावलो, दाबाची वेळ थोडी वाढवली, जॉवर टेफ्लॉनची नवी टेप लावली. वेग सुरुवातीला कमी झाला. पहिल्या आठवड्यात ऑपरेटर सवयीने तापमान वाढवतो, त्याच्याजवळ उभं राहावं लागतं. सील तपासायला भरलेला पाऊच पाण्याखाली धरून दाबा. बुडबुडा आला की गळतंय.

तुम्ही म्हणाल हा ओळखीचा प्रश्न कुठे आला? इथेच येतो. चुरगळलेली वरची कड हे गिऱ्हाइकाच्या मनात डुप्लिकेट मालाचं लक्षण आहे. रंग हुबेहूब असला तरी कड वाकडी असेल तर बाई पाऊच उलटून बघतात आणि परत ठेवतात.

आय मार्कही तपासा, म्हणजे मशीनचा सेन्सर जी बघून कट मारतो ती छापील खूण. नव्या फिल्मवर त्याच्या मागचा रंग बदलला असेल तर सेन्सर चुकतो, कट सरकतो, आणि नाव पाऊचच्या मधोमध येण्याऐवजी खाली घसरतं.

मसाल्याचा वास आणि टिकाऊपणा तोच राहील का?

तपासल्याशिवाय हो म्हणू नका. ओलावा अडवण्यात मेटलाइज्ड बीओपीपी चांगलं आहे, पण ऑक्सिजन अडवण्यात साधं मेटलाइज्ड बीओपीपी मेटलाइज्ड पॉलिएस्टरच्या बरंच मागे आहे. कांदा-लसूण मसाल्यात तेल असतं, ते खवट होतं. मिरचीचा लालही हवेने आणि उजेडाने उतरतो. जास्त रोध असलेलं मेटलाइज्ड बीओपीपी मिळतं, ते थोडं महाग असतं, पण या मालाला तेच घ्या.

जुने आणि नवे पाऊच एकाच दिवशी, एकाच घाण्यातल्या मसाल्याने भरा. काही साध्या कपाटात ठेवा, काही गरम जागी. दर महिन्याला दोन्ही फोडून घरच्या जाणत्या नाकाला द्या. नवा आधी उतरला तर पाऊचवरची मुदत कमी छापा, नाहीतर फिल्म बदला.

आणखी एक बारीक गोष्ट. बीओपीपी शाईतलं सॉल्व्हंट पॉलिएस्टरपेक्षा जास्त धरून ठेवतं. सुकवणी कमी पडली तर पाऊच फोडल्यावर पहिला भपकारा मसाल्याऐवजी रंगाच्या दुकानाचा येतो. रोल आला की हातभर तुकडा काचेच्या बरणीत घालून, झाकण लावून अर्धा तास उन्हात ठेवा आणि मग हुंगा. ही तपासणी फुकट आहे आणि आम्ही छपाईवाले तिला घाबरतो.

कागदी पाऊच का नको? लोकांना कागद आवडतो.

तेलकट मसाला नुसत्या कागदात दोन दिवसांत डाग दाखवतो. डाग नको म्हणून आत प्लास्टिकचा थर दिला की पुन्हा दोन जातींचं लॅमिनेट झालं. खाकी कागदावर तुमचा लाल विटेसारखा होतो. सुक्या डाळीला, पोह्यांना जरूर विचार करा. कंपोस्ट होणाऱ्या फिल्मचं म्हणाल तर तिला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, आणि ती वेगळी गोळा होण्याची सोय तुमच्या गावात आहे का ते आधी बघा.

दुकानात ओळख टिकली की नाही, हे छापण्याआधी कसं कळणार?

आपल्याकडे किराणा दुकानात गिऱ्हाईक पाऊच उचलत नाही, तोंडाने मागतं. "तो लाल, सोनेरी पट्टीवाला द्या." उचलतो दुकानातला पोरगा. म्हणून परीक्षा त्याची घ्यायची.

आम्ही नव्या मटेरियलचे पन्नास पाऊच हाताने बनवून, भरून तीन दुकानांत नेहमीच्या खणात ठेवले. दुकानाच्या मालकाला सांगितलं, कामगाराला नाही. मग ओळखीच्या एकाला मसाला मागायला पाठवलं. हात सरळ खणाकडे गेला का, की मध्ये थबकला, एवढंच बघायचं. पीईच्या फेरीत एका दुकानात पोरगा पाऊच हातात घेऊन शेठकडे वळला आणि म्हणाला, "हा नवा आलाय का?" त्याच संध्याकाळी आम्ही पीई सोडली. पीपीच्या फेरीत तिन्ही ठिकाणी कोणी काही बोललं नाही.

मॉलमध्ये विकत असाल तर दहा फुटांवरून फडताळाचा मोबाइलवर फोटो काढा आणि तो इतका धूसर करा की अक्षरं वाचता येणार नाहीत. तरीही तुमचा पाऊच सापडला पाहिजे. आणि पाऊच उभा कसा राहतो तेही बघा. पॉलिएस्टर गेलं की कडकपणा कमी होतो, वरचा भाग पुढे झुकतो, आणि नाव नेमकं तिथेच असतं.

बदलतोच आहोत तर डिझाइनही थोडं ताजं करू या का?

करू नका. दोन्ही एकदम बदललं आणि खप घसरला तर कशामुळे घसरला हे तुम्हाला कधीच कळणार नाही. आधी मटेरियल, निदान एक दिवाळी जाऊ द्या, मग डिझाइन.

मोठ्या कंपन्यांना हे जमलंय का?

स्प्राइटने 2022 मध्ये उत्तर अमेरिकेत हिरवी बाटली सोडून पारदर्शक घेतली, कारण हिरव्या प्लास्टिकपासून पुन्हा बाटली होणं अवघड होतं. हिरवा त्यांनी टाकला नाही, तो लेबलवर आणि झाकणावर हलवला. मटेरियलमधून रंग जात असेल तर त्याला दुसरं घर द्यायचं, हे त्यातून घेण्यासारखं.

उलट उदाहरण सन चिप्सचं. अमेरिकेत त्यांनी कंपोस्ट होणारी पिशवी आणली. दिसायला ठीक, पण इतकी कडकडायची की लोकांनी तिची टिंगल केली. 2010 मध्ये बहुतेक चवींसाठी ती मागे घेतली. तुमचा पाऊच हातात घेतल्यावर कसा वाजतो, हेही गिऱ्हाइकाला पाठ असतं.

आणि 2011 च्या हिवाळ्यात कोका-कोलाने ध्रुवीय अस्वलांसाठी पांढरा कॅन काढला. हेतू चांगला, पेय तेच. लोकांना तो डाएट कोकचा वाटला, काहींना तर चवही बदललेली वाटली, आणि लाल कॅन लवकर परत आणावा लागला. पाऊचचा लाल फिका झाला की "मसाल्याला आता पहिली चव नाही" असं ऐकू येतं, त्यामागे हेच असतं.

पाऊचवर पुढे "पर्यावरणपूरक" लिहावं का?

पुढे काहीच लिहू नका. पुढच्या भागावर नवी पट्टी, हिरवं पान, शिक्का आला की ओळखच विस्कटते. मागे, लहान अक्षरांत, जे खरं आहे तेवढंच: "हा पाऊच पीपी या एकाच प्रकारच्या प्लास्टिकचा आहे." मोघम "पर्यावरणपूरक", "ग्रीन" असले दावे पुराव्याशिवाय करू नयेत, अशी ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं 2024 पासून आहेतच. आणि खरं सांगायचं तर रिकामा पाऊच कोणी वेचला नाही तर तो पीपीचा असूनही कचऱ्यातच जाणार आहे.

जुना छापील रोल शिल्लक आहे. तो कसा संपवायचा?

जिल्हावार. एका खोक्यात जुने-नवे पाऊच कधीही मिसळू नका. एरवी कोणाला न दिसणारा फरक दोन पाऊच शेजारी लटकले की दिसतो. आणि दिसला की त्यातला एक खोटा ठरतो. कुठला, ते गिऱ्हाईक ठरवतं. आम्ही लांबच्या जिल्ह्यात जुना माल संपवला आणि नवा कारखान्याजवळच्या तालुक्यांत सोडला, म्हणजे तक्रार आली तर गाडी काढून तासाभरात दुकानात पोचता येईल. सेल्समनला एकच वाक्य दिलं होतं: "पिशवी बदलली, मसाला तोच." ते विचारलं तरच बोलायचं.

सुरुवात मोठ्या पाऊचपासून करावी की दहा रुपयांच्या लडीपासून?

मोठ्यापासून. 200 आणि 500 ग्रॅम घेणारी घरं वर्षानुवर्षांची असतात, नाव वाचतात, शंका आली तर फोन करतात. लडी टपरीवर उन्हात लटकते, न वाचता तोडली जाते, तिथे ओळख म्हणजे फक्त रंग आणि चमक. शिवाय लडीच्या बारीक सीलवर तापमानाची चूक सगळ्यात आधी उघडी पडते. मोठा पाऊच एक पावसाळा काढू दे, लडीला त्यानंतर हात लावा.